डोळ्यातलं मांस बाहुलीकडे सरकतंय, कापूस निघेपर्यंत थांबायचं का?

पत्र

डॉक्टर मॅडम, बाबांचं वय ५४. उजव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसासारखं वाढलंय. चार वर्षं पांढऱ्यावरच होतं, आता काळ्यावर चढलं. अर्ध्या ज्वारीच्या दाण्याएवढं दिसते. वावरातून आले की डोळा लाल होतो, खुपते. आठ महिन्यांपासून मेडिकलमधला थेंब टाकतात, त्यानं दोन दिवसांत लाली जाते. गावातल्या एकाचं हेच मांस काढलं होतं, ते वर्षभरात दुप्पट होऊन परत आलं, म्हणून बाबा ऑपरेशनला तयार नाहीत. कोणी म्हणते हा मोतीबिंदूच आहे, शिबिरात फुकट निघते. सध्या वेचणी चालू आहे, तूर उभी आहे. आत्ता न्यायचं की जानेवारीनंतर चालेल?
– एक मुलगा, जि. यवतमाळ

उत्तर

भाऊ, ऑपरेशन जानेवारीनंतर चालेल. तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या. मांसापेक्षा मला त्या आठ महिन्यांच्या थेंबाची जास्त काळजी वाटते. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी हे मांस काय आहे ते पाहू. याला मराठीत वडस म्हणतात, हिंदीत नाखूना, आणि डॉक्टरांच्या कागदावर टेरिजियम असं लिहिलेलं असतं. सुश्रुतसंहितेत याचं वर्णन ‘अर्म’ या नावानं आहे, कापून काढायच्या रीतीसकट. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, ओलसर कातडी असते. ऊन, वारा आणि धूळ वर्षानुवर्षं लागत राहिली की ती जाड होते, तिच्यात रक्तवाहिन्या भरतात आणि त्रिकोणी पंखासारखी ती बुबुळावर चढते. त्रिकोणाचं टोक नेहमी बाहुलीच्या दिशेनं असतं. मोतीबिंदू याहून अगदी वेगळा. तो बाहुलीच्या मागे, आतल्या भिंगात होतो आणि बाहेरून असा मांसल दिसत नाही. एकाच डोळ्यात दोन्ही असू शकतात, पण एक काढलं म्हणून दुसरं निघत नाही.

वडस बहुतेक वेळा नाकाच्याच बाजूनं का येतो, हे सांगण्यासारखं आहे. कानाच्या बाजूनं तिरपं येणारं ऊन बुबुळाच्या गोल काचेतून वाकतं आणि नाकाकडच्या काठावर एकवटतं. भिंगानं कागदावर ऊन गोळा करावं तसंच. उलट बाजूला नाक आडवं येतं, म्हणून तिकडून तेवढं ऊन शिरत नाही. बाबांनी डोक्याला दुपट्टा बांधला तरी कानाजवळून येणारं ऊन अडत नाही, आणि जमिनीवरून परतणारं ऊनही टोपीखालून डोळ्यात जातंच.

तुमचं ज्वारीच्या दाण्याचं माप फार कामाचं आहे. मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण १२ मिलिमीटर असते. उजेडात बाहुली ३ ते ४ मिलिमीटरची धरली, तर बुबुळाच्या काठापासून बाहुलीपर्यंत जवळपास ४ मिलिमीटर उरतात, म्हणजे ज्वारीचा एक दाणा मावेल एवढी जागा. बाबांचं मांस अर्धा दाणा आत आलंय. निम्मी वाट झाली आहे आणि बाहुली अजून मोकळी आहे. लोकांना वाटतं की मांस बाहुलीवर आलं की मगच नजर जाते. तसं नाही. अर्ध्या वाटेवर असतानाच ते बुबुळाला आडवं सपाट करायला लागतं, गोलाई बिघडते आणि चष्म्यात सिलेंडरचा नंबर येतो. अक्षरं फाटल्यासारखी किंवा सावली पडल्यासारखी दिसतात. साधारण २ ते ३ मिलिमीटरच्या पुढे हा परिणाम वाढत जातो, म्हणून बाबा नेमके त्या उंबरठ्यावर आहेत.

घरी एक गोष्ट करा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा पावलं दूर बाबांना उभं करा. डावा डोळा तळहातानं झाका, दाबू मात्र नका, आणि उजव्या डोळ्यानं तारखा वाचायला सांगा. मग डोळे बदला. दोन्हीत फरक जाणवला तर तो वहीत लिहून ठेवा. मोबाईलनं फोटोही काढा. सकाळी दाराकडे तोंड करून बसवा, फ्लॅश बंद ठेवा. एक फोटो समोर बघताना आणि एक उजवीकडे, म्हणजे नाकापासून दूर बघताना घ्या. दुसऱ्या फोटोत मांस ताणलं जातं आणि टोक कुठवर आलंय ते नीट दिसतं. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी फोटो काढलात तर वाढ होतेय की नाही ते तुम्हालाच कळेल. ‘वाढलं वाटते’ या बोलण्यापेक्षा असे तीन फोटो माझ्यासारख्या डॉक्टरला जास्त उपयोगी पडतात.

फोटोत मांसाचा पोतही बघा. पातळ, फिकट असेल आणि खालच्या पांढऱ्या भागातल्या बारीक शिरा आरपार दिसत असतील तर ते बहुधा शांत आहे. अशा माणसाला मी सहा महिन्यांनी किंवा वर्षानं एकदा बोलावते आणि काहीच करत नाही. जाड, लालभडक असेल आणि खालचं काही दिसत नसेल तर ते जागं आहे, आणि परत येण्याची खोडही त्यालाच जास्त असते. डोळा मोठा करून बघायच्या स्लिट लॅम्प यंत्राखाली टोकाच्या पुढे कधी कधी बारीक तपकिरी रेघ दिसते. ती लोहाची असते. ती दिसली की बरेच दिवस हे टोक पुढे सरकलेलं नाही असं समजतात.

आता थेंबाबद्दल. दोन दिवसांत लाली घालवणाऱ्या आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या थेंबात बऱ्याच वेळा स्टेरॉइड असतं. रिकामी बाटली घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यातलं काही लिहिलं असेल तर तेच. या औषधानं सूज आणि लाली उतरते, मांस मात्र तसूभरही मागे जात नाही. काही माणसांच्या डोळ्याचा आतला दाब यानं काही आठवड्यांतच चढतो. त्यात दुखत नाही, लाल होत नाही, नजर लगेच कमी होत नाही, म्हणून कळत नाही. दाबानं डोळ्यामागची नस कडेकडेनं मरत जाते. त्याला काचबिंदू म्हणतात, आणि मेलेली नस परत येत नाही. वडसानं गेलेली नजर बरीचशी परत मिळवता येते, या थेंबानं गेलेली मिळत नाही. म्हणून मी याच आठवड्यात तपासणी करा म्हणते.

आपल्याकडे दुसरा धोकाही आहे. तुरीचं पान, कापसाचं बोंड किंवा धांड्याचं टोक डोळ्याला लागलं आणि त्यावर हाच थेंब टाकला, तर बुबुळावर बुरशीची जखम फोफावते. ती काही दिवसांतच पसरते आणि तिचा डाग कायम राहतो. म्हणून डोळ्यात काही गेलं असताना जुनी बाटली हाताशी असली तरी उघडू नका. रुईचा चीक, कांद्याचा रस, मध असलं काहीही घालू नका. चिकानं तर बुबुळ भाजतं, अशी माणसं मी पाहिली आहेत.

बाबांनी थेंब थांबवल्यावर पहिले काही दिवस डोळा आधीपेक्षा लाल दिसू शकतो. घाबरून परत सुरू करू नका, तपासणी होईपर्यंत साधे ओलावा देणारे थेंब वापरा. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के असं लिहिलेले दिवसातून चार वेळा चालतात. त्यानं खुपणं कमी होतं, मांस जात नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा आणि महिन्यानं ती टाकून द्या.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे दारव्हा तालुक्यातले एक काका आले होते. वय ५८, डावा डोळा, मांस ३ मिलिमीटर आत. त्यांचं कॅलेंडर धूसर झालं होतं आणि शिबिरात मोतीबिंदू आहे असं सांगितलं म्हणून ते ऑपरेशन करायला आले होते. त्यांच्याही खिशात तसाच थेंब होता, वर्षभर वापरलेला. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असावा, त्यांच्या डाव्या डोळ्याचा ३२ निघाला. थेंब बंद केला, दाब उतरवायचं औषध दिलं आणि तीन आठवड्यांत तो १८ वर आला. नशिबानं नस शाबूत होती.

मग प्रश्न आला की आधी मोतीबिंदू की आधी मांस. काकांचा हट्ट होता की एकाच दिवशी दोन्ही काढा, दोनदा एसटीनं येणं होत नाही. मी नाही म्हणाले आणि कारण सांगितलं, कारण हे समजलं की माणूस दुसऱ्यांदा यायला तयार होतो. मोतीबिंदूच्या जागी जे भिंग बसवतात त्याचा नंबर बुबुळाची गोलाई मोजून काढतात. मांसानं बुबुळ सपाट केलेलं असताना मोजलं तर त्यांचं भिंग २३ नंबरचं येत होतं आणि सिलेंडर ३ चा दिसत होता. मांस काढलं, बुबुळाला स्थिर व्हायला तीन महिने दिले आणि पुन्हा मोजलं. तेव्हा सिलेंडर १ वर आला होता आणि भिंगाचा नंबर साडेएकवीस निघाला. आधीचंच बसवलं असतं तर मोतीबिंदू निघूनही लांबचं धूसरच राहिलं असतं आणि काका म्हणाले असते, ऑपरेशन बिघडलं. तुमच्या बाबांना मोतीबिंदूही निघाला तर शिबिरात भिंगाचा नंबर काढण्याआधी मांसाची गोष्ट समोरच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा.

आता गावातल्या त्या माणसाचं मांस परत का आलं ते सांगते, कारण बाबांची भीती त्यातूनच आली आहे आणि ती खोटी नाही. नुसतं मांस खरवडून पांढरा भाग उघडा सोडला तर ते बऱ्याच माणसांत परत येतं, आणि परत आलेलं आधीपेक्षा रागीट असतं. उघड्या जागेवर जखम भरायला शरीर तीच जाड, रक्ताळलेली कातडी ओढून आणतं. आज मांस काढल्यावर त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालची, उन्हापासून झाकलेली निरोगी पातळ कातडी काढून मोकळ्या जागेवर बसवतात. ती बारीक टाक्यांनी शिवतात, फायब्रिन ग्लू नावाच्या वैद्यकीय गोंदानं चिकटवतात, किंवा काही ठिकाणी रुग्णाचंच थोडं रक्त गोठू देऊन त्यावर ठेवतात. याला ग्राफ्ट म्हणतात. ग्राफ्ट लावल्यावर मांस परत येण्याचं प्रमाण खूप खाली जातं, पण शून्य होत नाही. परत यायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच येतं.

म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: नुसतं काढणार की ग्राफ्ट लावणार? उत्तर ‘नुसतं काढून टाकू’ असं मिळालं आणि कारण सांगितलं नाही, तर दुसऱ्या ठिकाणी विचारा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेत्र विभाग आहेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील तर पहिली तपासणी त्यांच्याकडे होते, नजर आणि दाब तेही मोजू शकतात. पुढची चिठ्ठी तिथूनच घ्या.

दाबाची गोष्ट ग्राफ्टशीही जोडलेली आहे. पुढे कधी काचबिंदूचं ऑपरेशन लागलं तर ते वरच्या पापणीखालच्या जागेतूनच करतात, आणि ती कातडी आधीच वापरलेली असेल तर अडचण होते. म्हणून दारव्ह्याच्या काकांची कातडी मी खालच्या बाजूनं घेतली. तुमच्या बाबांच्या सर्जनला आठ महिन्यांचा थेंब माहीत असायलाच हवा.

ऑपरेशन जागेपणी, डोळा बधिर करून होतं. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. पहिले दोन-तीन दिवस खुपतं, पाणी येतं, डोळा लालभडक दिसतो. दीड-दोन महिने थेंब टाकायचे असतात, आणि त्यात स्टेरॉइडही असतं. मी वर ज्याच्या विरोधात बोलले तेच औषध इथे आवश्यक आहे, फरक एवढाच की ते उतरत्या मात्रेत दिलं जातं आणि मध्ये दाब मोजला जातो. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं आणि मग तीन, सहा व बारा महिन्यांनी दाखवायचं. सहा महिन्यांची भेट लोक चुकवतात कारण डोळा पांढरा झालेला असतो, आणि परत येणारं मांस बहुतेक तेवढ्याच काळात डोकं वर काढतं. लवकर दिसलं तर औषधानं किंवा इंजेक्शननं आवरायची संधी असते.

महिनाभर धूळ, फवारणी, मळणी यंत्र आणि विहिरीत डुबक्या हे सगळं बंद. म्हणून ऑपरेशनसाठी फेब्रुवारी मला बरा वाटतो. तूर घरात आलेली असते, जूनच्या पेरणीला वेळ असतो आणि मेचं ४५ अंशांचं ऊन सुरू होण्याआधी डोळा भरून येतो.

थांबण्याची ही मुदत बाबांना लागू आहे, प्रत्येकाला नाही. मांसाचं टोक महिन्याच्या फोटोंमध्ये पुढे सरकताना दिसलं, कॅलेंडर आधीपेक्षा धूसर झालं, किंवा उजवीकडे बघताना डोळा अडकल्यासारखा वाटून एकाचे दोन दिसू लागले, तर जानेवारीची वाट बघू नका, पंधरा दिवसांत दाखवा. टोक बाहुलीच्या काठाजवळ पोचू देणं चांगलं नाही, कारण मांस निघालं तरी त्याखाली राहिलेला धूसर डाग समोरच येतो. डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर एकाएकी गेली, तर त्याच दिवशी न्या. वडस खुपतो, पण असा दुखत नाही.

आणि एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. वडसासारखं दिसणारं प्रत्येक मांस वडस नसतं. ते कानाच्या बाजूनं किंवा खालून-वरून वाढत असेल, चार वर्षांऐवजी दोन-चार महिन्यांत उभं राहिलं असेल, जेलीसारखं फुगीर किंवा फुलकोबीसारखं खडबडीत असेल, वर चुन्यासारखा पांढरा थर असेल, काळपट रंग चढत असेल किंवा डोळा पुसताना रक्त येत असेल, तर तो डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोगही असू शकतो. तोही उन्हात राबणाऱ्यांनाच जास्त होतो. लवकर सापडला तर तो काढता येतो आणि डोळा वाचतो. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. पूर्वी डोळ्यात तंबाखूचा चुना उडाला असेल आणि त्यानंतर मांस चिकटलं असेल तर तोही खरा वडस नाही, त्याचं ऑपरेशन वेगळ्या विचारानं करतात, म्हणून ती जुनी गोष्ट डॉक्टरला सांगा.

तोवर वावरात जाताना बाबांना कडेनं बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल द्या. फवारणीसाठी मिळतो तो पारदर्शक असला तरी अतिनील किरणं जवळपास सगळी अडवतो आणि धूळही थांबवतो. काचेला काळा रंग असण्यापेक्षा कडा बंद असणं महत्त्वाचं, ते कानाकडून येणाऱ्या उन्हासाठी. मोटरसायकलवर तो काढू देऊ नका.

दवाखान्यात जाताना ती रिकामी बाटली, काढलेले फोटो, जुना चष्मा असेल तर तो, आणि बाबांना साखर किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर त्याची पट्टी सोबत न्या. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले तर चार-सहा तास धूसर दिसेल, म्हणून गाडी तुम्ही चालवा. आणि पहिल्यांदा आत गेल्यावर मांस दाखवण्याआधी म्हणा, बाबांनी आठ महिने हा थेंब टाकलाय, डोळ्याचा दाब मोजून द्या.